पीएम-किसान बॉट: पेन्शननंतरचा प्रश्न

> पेन्शन दहा हजारांच्या वर म्हटलं की बॉटने थेट ‘अपात्र’ सांगायचं ना?

नाही, आधी पद विचारा. महिना 10,000 किंवा जास्त पेन्शनवाले अपात्र, पण चतुर्थ श्रेणीवाले त्या अटीतून वगळलेत. म्हणजे 14,000 पेन्शन घेणारा निवृत्त शिपाई इथे अडत नाही.

जमिनीचंही तसंच. सातबारावर नाव 1 फेब्रुवारी 2019 नंतर लागलं असेल तर ‘खरेदीने की खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने?’ हा प्रश्न लगेच यावा. वारसाला सवलत आहे, खरेदीला नाही.

आणि निकालात नुसतं ‘पात्र’ नकोच, लोक लगेच हप्त्याची तारीख विचारतात! ‘तुमच्या उत्तरांत अपात्र ठरवणारी अट दिसली नाही, जमिनीची नोंद आणि ई-केवायसी तपासणं बाकी आहे’ एवढंच दाखवा.