'डिफेक्ट'ला दगा म्हणावं का? (कैद्यांचा पेच आणि व्यापारयुद्ध)

मृणाल: व्यापारयुद्धावरचा एक लेख मराठीत आणते आहे. दोन देशांतल्या आयातशुल्काच्या चढाओढीला लेखकाने कैद्यांचा पेच लावला आहे: दोन कैदी गप्प राहिले तर दोघांचं भलं, पण दुसऱ्याविरुद्ध बोलण्यात प्रत्येकाला स्वतःचा फायदा दिसतो, आणि दोघे बोलले की दोघांचंही नुकसान. 'को-ऑपरेट'साठी 'सहकार्य' घेतलं, पण साथ सोडून स्वतःचा फायदा बघण्याच्या 'डिफेक्ट'पाशी अडले. 'दगा देणे' चालेल? आणि 'रिटॅलिएशन'ला 'बदला' म्हणू की आणखी काही?

इरफान: कोर्टात यासाठी तयार शब्द आहे, माफीचा साक्षीदार होणे. माझ्याकडच्या एका खटल्यात दोन आरोपी होते. दुसरा फुटणार या नुसत्या शंकेनेच पहिला फुटला. तुमचा पेच तो हाच.

शलाका: इरफानभाई, मूळ गोष्टीला तो शब्द चपखल आहे. पण इथे साक्ष द्यायची नाही, शुल्क वाढवायचं आहे, आणि तेही उघडपणे जाहीर करून. कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत असतात; देश एकमेकांशी रोज बोलतात आणि हाच डाव वर्षानुवर्षं खेळतात. मृणाल, 'दगा'त लपवाछपवी येते, म्हणून शुल्कासाठी मी 'करार मोडणे' असंच लिहीन.

वसंत: शब्दांचा कीस कशाला? शब्द दिला आणि मोडला की तो दगाच, उघड असो वा छुपा. आणि मोडणाऱ्याला जागतिक व्यापार संघटना दंड करते, तेव्हा 'रिटॅलिएशन'ला सरळ 'दंड' म्हणा.

शलाका: वसंतराव, 'दगा'बद्दल तुमचं म्हणणं टाकाऊ नाही. दंडाचं मात्र तसं नाही. ही संघटना कुणाकडून एक पैसाही वसूल करत नाही. मोडणारा ऐकेना, तर ती तक्रारदाराला त्या देशाला दिलेल्या व्यापारी सवलती मागे घ्यायची परवानगी देते, तीही झालेल्या नुकसानीएवढीच. म्हणून 'बदला'ही नको, कारण बदल्याला माप नसतं. 'प्रतिशुल्क' किंवा 'सवलती स्थगित करणे' बरं.

अमेरिकेच्या पोलादाचं प्रकरण बघा. मार्च 2002 मध्ये बुश सरकारने आयात पोलादावर 30 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. युरोपीय संघ, जपान वगैरे आठ जणांनी या संघटनेकडे तक्रार केली. तिच्या अपील मंडळाचा निकाल अमेरिकेविरुद्ध गेला तो नोव्हेंबर 2003 मध्ये. युरोपने सुमारे 2.2 अब्ज डॉलरच्या अमेरिकी मालावर प्रतिशुल्काची तयारी ठेवली होती, आणि यादीत फ्लोरिडाची संत्री होती, म्हणजे निवडणुकीत दुखेल अशीच जागा. 4 डिसेंबरला बुश यांनी शुल्क उठवलं. प्रतिशुल्क लावावंच लागलं नाही.

मृणाल: म्हणजे धमकीनेच काम झालं. मग पेच सुटला म्हणायचा?

शलाका: अर्धाच. शुल्क वीसएक महिने चाललं, आणि त्या काळात परक्या पोलाद कारखान्यांचं जे नुकसान झालं ते कुणी भरून दिलं नाही. या व्यवस्थेत उपाय पुढच्यासाठी असतो, मागचं माफ. फायद्याचे मानलेले आकडे घालून बघ. दोघांनी शुल्क कमी ठेवलं तर दर फेरीला प्रत्येकाला 3. एकट्याने वाढवलं तर त्याला 5, दुसऱ्याला 1. दोघांनी वाढवलं तर 2-2. उत्तर पुढच्याच फेरीत आलं, तर मोडणाऱ्याचा फायदा एकदाच 2 आणि नंतर दर फेरीला तोटा 1. दोन फेऱ्यांत कमाई गेली. पण निकाल यायला तीन फेऱ्या लागल्या तर फायदा 6, आणि तो फिटायला पुढच्या सहा फेऱ्या जातात. एवढा लांबचा विचार निवडणुकीच्या तोंडावर कोण करतो? डिसेंबर 2019 पासून तर नव्या नेमणुका अडल्याने अपील मंडळच ठप्प आहे. हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच लटकतं.

नंदन: शलाकाताई, तुमच्या तक्त्यात दोघे तुल्यबळ आहेत. कॅरिबियनमधला चिमुकला अँटिग्वा घ्या. इंटरनेटवरच्या जुगाराच्या वादात तो अमेरिकेविरुद्ध जिंकला, 2007 मध्ये लवादाने वर्षाला 2.1 कोटी डॉलरपर्यंत सवलती स्थगित करायची मुभा दिली. पण एवढ्याशा बेटाने अमेरिकी मालावर शुल्क लावलं तर अमेरिकेला कळणारही नाही, महागाई मात्र बेटावरच होईल. म्हणून त्यांनी अमेरिकी कॉपीराइटचं संरक्षण थांबवायची परवानगी मागून घेतली. एकतर्फी शुल्काचे ते 5 मिळतात मोठ्या ग्राहकाला, कारण त्याने खरेदी कमी केली की जगात भाव पडतो. छोट्या देशाला शुल्क वाढवून स्वतःचाच तोटा. मग त्याच्यापुरता हा कैद्यांचा पेच उरतो का?

शलाका: उरत नाही, मान्य. लेखात तसं एक वाक्य हवं.

वसंत: आणि शुल्क न वाढवता आपल्या कारखान्यांना गुपचूप अनुदान दिलं, त्याला काय म्हणाल?

शलाका: तो दगा. तिथे समोरच्याला आधी शोधून काढावं लागतं की करार मोडला गेलाय.

मृणाल: मग शुल्काला 'करार मोडणे', छुप्या अनुदानाला 'दगा' आणि 'रिटॅलिएशन'ला 'प्रतिशुल्क' ठेवते. अँटिग्वाच्या परिच्छेदात मात्र 'प्रतिशुल्क' बसत नाही, तिथे शुल्कच नाही. 'सवलती स्थगित करणे' लिहिलं तर वाक्य फार लांबतं. आणखी काही सुचतं?

इरफान: 'जशास तसे'?

नंदन: जुगाराला उत्तर कॉपीराइटने, त्यात 'तसे' कुठे आलं?