मदत हवी आहे: शिळ्या भाताचा एग फ्राइड राइस मोकळा होत नाही, अंडे नेमके कधी घालावे?

सांजवात (नाशिक, गंगापूर रोड):
नमस्कार. लागोपाठ तीन रविवारी मी एग फ्राइड राइस केला आणि तिन्ही वेळा ताटात पिवळसर गिचका आला, म्हणून हा धागा काढत आहे. शनिवारी रात्री 2 वाट्या इंद्रायणी तांदळाचा भात करते, तो गरम असतानाच स्टीलच्या डब्यात भरून, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर लोखंडी कढईत तेल तापवून कांदा, गाजर आणि फरसबी परतते, मग सगळा भात घालते आणि भात गरम झाल्यावर 4 अंडी फेटून वरून ओतते. ओतल्याबरोबर भात ओला होतो, कढईच्या तळाला चिकटतो आणि खरवडून काढताना दाणे मोडतात. आच मोठी आहे, भातही आदल्या दिवशीचा आहे, मग चूक अंडे घालण्याच्या वेळेत आहे का?

घोटीकर:
चूक तांदळात आहे. आमच्याकडे इगतपुरी-घोटी भागात इंद्रायणी पिकतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो की त्याचा भात मऊ आणि चिकटच होणार. वरण-भातासाठी त्याला तोड नाही, परंतु फ्राइड राइससाठी तो वापरू नये. कोलम किंवा बासमती घ्या, अंडे कधीही घातले तरी चालेल. शिवाय भात फ्रीजमध्ये कशाला ठेवता? रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला की सकाळपर्यंत चांगला कोरडा होतो.

आजीचा डबा:
आमच्याकडे शिळ्या भाताला मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि हळदीची फोडणी देतात आणि शेवटी अंड्याची भुर्जी मिसळतात. गिचका झालाच तर वरून शेंगदाण्याचे कूट घालावे, कुणाच्या लक्षातही येत नाही.

सांजवात:
आजीचा डबा, फोडणीचा भात आमच्याकडेही आवडीने खाल्ला जातो, परंतु माझा प्रश्न चायनीजच्या गाडीवर मिळतो तशा सुट्या दाण्यांच्या भाताविषयी आहे.

कढईवाला:
मी कॉलेज रोड परिसरातील एका गाडीवर सहा वर्षे कढई सांभाळली आहे, त्या अनुभवावर लिहितो. घोटीकरांचे तांदळाविषयीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कोलमने काम सोपे होईल हे खरे, परंतु आपण सांगितलेल्या पद्धतीने बासमतीचाही गिचकाच होईल.

आपण 4 अंडी ओतता, म्हणजे साधारण 200 ग्रॅम ऐवज ओतता आणि त्यातील तीन चतुर्थांश भाग पाणी असते. कोमट भातावर जवळजवळ एक वाटी पाणी ओतले तर काय होईल, तेच आपल्या कढईत होत आहे. अंडे घट्ट होण्याआधी दाण्यांच्या फटींतून खाली झिरपते, दाण्याला दाणा चिकटवते आणि उरलेले तळाशी जाऊन लागते. त्यातच 2 वाट्या तांदळाचा पाच-सहा वाट्या गार भात एकदम कढईत पडल्यामुळे लोखंड थंड होते. शेगडीचा कान पूर्ण फिरवलेला असतो, म्हणून आच मोठी आहे असे वाटते. कढई मात्र तापलेली नसते.

गाडीवरच्या भट्टीला घरच्या शेगडीच्या कितीतरी पट ज्वाळा असते. तिथे आम्ही अंडे तेलात टाकतो आणि ते वरून अजून ओले चकाकत असतानाच त्यावर भात टाकतो. उलथन्याचे चार-पाच फटके दिले की अंड्याचे तुकडे होतात आणि ओलावा वाफ होऊन उडतो. घरी ही घाई अंगाशी येते, कारण तेवढा ओलावा उडवण्याइतकी आच नसते. म्हणून घरी अंडे आधी करावे आणि बाजूला काढून ठेवावे.

एका वेळी 2 वाट्या शिजलेला भात आणि 2 अंडी, यापेक्षा जास्त घेऊ नये. मोकळी लोखंडी कढई मोठ्या बर्नरवर दोन-तीन मिनिटे, हलका धूर दिसेपर्यंत तापवावी आणि मग 1 मोठा चमचा तेल कडेने फिरवावे. अंडे पडताच त्याची कड फुगली पाहिजे. फुगली नाही तर कढई अजून गार आहे. दहा-पंधरा सेकंद ढवळून, अंडे धरले आहे परंतु वर ओलसर चकाकी आहे अशा अवस्थेत ते काढून घ्यावे. भाज्या वेगळ्या परतून काढाव्यात. पुन्हा 1 चमचा तेल घालून भात पसरावा आणि अर्धा मिनिट त्याला हात लावू नये, मगच उलटावा. सुरुवातीला वाफेचा ओला फसफस आवाज येतो. दोन-तीन मिनिटांत तो कोरडा, चुरचुरीत होतो आणि दाणे कढईत उड्या मारू लागतात. तो अंडे परत घालण्याचा क्षण. सोया सॉस लहान चमचाभरच, तोही भातावर न घालता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडावा.

आता भाताविषयी. गार झाल्यावर दाण्यातील स्टार्च घट्ट होतो, म्हणून शिळा भात चालतो. मात्र गरम भात बंद डब्यात गेला की त्याची वाफ त्याच्यावरच गळते. सकाळी झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात का, ते पाहा.

निवांत:
ओट्यावर रात्रभर भात ठेवण्याचा सल्ला कृपया कुणी पाळू नये. तांदळातील एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, उबेत वाढतात आणि त्यांचे उलट्या घडवणारे विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. परातीत पातळ पसरून वाफ जाऊ द्यावी आणि तास-दीड तासात भात फ्रीजमध्ये ठेवावा. माझी अडचण वेगळी आहे: माझ्याकडे फक्त नॉनस्टिक तवा आहे. तो असा धूर येईपर्यंत तापवावा का?

कढईवाला:
अजिबात नको, रिकामा नॉनस्टिक इतका तापवल्यास त्याचा थर खराब होतो आणि धूरही घातक असतो. तेल घालून मध्यम-मोठ्या आचेवर, एका वेळी वाटीभरच भात परतावा. दाणे सुटे होतील, गाडीवरची धुरकट चव येणार नाही.

घोटीकर:
ओट्याविषयीचे शब्द मागे घेतो. इंद्रायणीविषयीचे घेत नाही.

सांजवात:
या रविवारी करून पाहिले. झाकणाला खरोखरच थेंब असत, हे मला आता आठवले. या वेळी नेहमीपेक्षा पाणी थोडे कमी घालून इंद्रायणीचाच भात केला, परातीत पसरला, नंतर उघड्याच ताटात फ्रीजमध्ये ठेवला आणि सकाळी ओल्या हाताने गुठळ्या फोडल्या. पहिला घाणा फसला, कारण घाईत अंडे काढायला उशीर झाला आणि त्याचे रबरासारखे तुकडे झाले. दुसऱ्या घाण्यात मात्र आवाज बदललेला स्पष्ट ऐकू आला आणि भात प्रथमच चमच्यावरून सुटा पडला. तरीही दोन-दोन, तीन-तीन दाणे जोडीने राहतातच. भात कढईत घालण्यापूर्वी त्याला अंड्याचा फक्त पिवळा बलक चोळून ठेवतात असे मी पाहिले आहे. त्याने हे दाणे सुटतील का?

कढईवाला:
बलकात स्निग्धांश जास्त आणि पाणी कमी असल्यामुळे कोलमवर तो प्रयोग उत्तम जमतो, 2 वाट्यांना एक बलक पुरतो. इंद्रायणीवर मी केलेला नाही. गाडीवर आम्ही तो तांदूळ कधी आणलाच नाही.

घोटीकर:
मी परवा दीड वाटी इंद्रायणीवर केला. दाणे सोनेरी झाले, जोड्या मात्र तशाच राहिल्या. माझी शेगडी लहान आहे, हेही कारण असू शकते. सांजवात, आपण मोठ्या बर्नरवर करून येथे लिहावे.