मदत हवी आहे: स्विफ्ट घ्यावी की डिझायर? (सातारा, दोघांसाठी)

नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको दोघंच, राहायला साताऱ्यात. बजेट बेताचं. शनिवार-रविवारी कास, महाबळेश्वर, कधी कोकणात उतरायचं, एवढंच फिरणं.

दोन्ही गाड्यांचं इंजिन एकच, त्यामुळे प्रश्न डिकीचा. स्विफ्टची २६५ लिटर, डिझायरची ३८२. पण स्विफ्टची मागची सीट आडवी होते, म्हणजे दोघांना तंबू-गाद्यासुद्धा सहज नेता येतील. डिझायरची सीट दुमडत नाही. मागे बसणारं कोणी नसताना सेडानचे जादा पैसे का मोजायचे, असं मला वाटतं.

अडतंय ते सीएनजीपाशी. टाकी बसली की स्विफ्टची डिकी जवळपास संपते, डिझायरमध्ये थोडी तरी जागा उरते. शिवाय सीएनजीवर ताकद कमी पडते.

तेव्हा सीएनजी डिझायर वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, टाकीशेजारी मोठी बॅग खरंच बसते का? आणि यवतेश्वर किंवा पसरणी घाटात एसी लावून, सामानासह दुसऱ्या गिअरवर गाडी चढते, की पेट्रोलवर टाकावी लागते? घाट चढलेल्यांचाच अनुभव हवा आहे.