मदत हवी आहे : स्लाइड्सचे ईपब करताना मजकूर गळतो

चिपळूण ते रत्नागिरी असा रोजचा रेल्वेप्रवास करताना मला व्याख्यानांच्या स्लाइड्स अँड्रॉइड फोनवर वाचायच्या आहेत. वाटेतल्या बोगद्यांत नेटवर्क जाते, म्हणून मजकूर फोनमध्येच साठवलेला हवा. पीडीएफमधली अक्षरे मोठी केली की प्रत्येक ओळ आडवी सरकवावी लागते.

कॅलिबर पीपीटीएक्स फाइल घेत नाही, म्हणून पॉवरपॉइंटमधून आउटलाइन आरटीएफ काढून तिचे ईपब केले. शीर्षके आणि मुद्दे नीट आले, मात्र शिक्षकांनी वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये लिहिलेला मजकूर आणि सगळ्या आकृत्या गळाल्या. हृदयाच्या स्लाइडवर तर ‘रक्ताभिसरण’ एवढे शीर्षकच उरले. पीडीएफमार्गे केल्यास मजकूर येतो, पण दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि तळटीप दर पानावर मध्येच उमटते.

एकूण 12 फाइली असून प्रत्येकीत सुमारे 40 स्लाइड्स आहेत, त्यामुळे हाताने नक्कल करणे शक्य नाही. मजकूर युनिकोडमध्येच आहे. संगणकावर विंडोज आहे आणि पायथन चालवता येते. सशुल्क साधन मात्र नको.

टेक्स्ट बॉक्समधला मजकूर योग्य क्रमाने आणि आकृती चित्ररूपाने त्या-त्या स्लाइडच्या शीर्षकाखाली येईल, असे ईपब सर्व फाइलींचे एकदम कसे करता येईल?