धातूंची उष्णता, वीज आणि त्यांचं गुणोत्तर: स्थिर आहे ते नेमकं काय?

तिसरं_सत्र: परवाच्या पेपरात प्रश्न होता: ‘धातूंच्या उष्णतावाहकता आणि विद्युतवाहकता यांचं गुणोत्तर तापमान बदललं तरी जवळपास स्थिर का राहतं?’ माझं मत, यात अवघड काही नाही. उष्णताही इलेक्ट्रॉन वाहतात, वीजही तेच वाहतात. तापमान वाढलं की इलेक्ट्रॉनांचा रस्ता दोन्हींसाठी सारखाच खडबडीत होतो, म्हणून भागाकार जागच्या जागी राहतो. चार ओळींत संपणाऱ्या उत्तराला वर्गात दोन तास का लावतात? कोणाचं वेगळं मत असेल तर सांगा.

काटकोन: वेगळं मत आहे, आणि भांडण आधी प्रश्नाशीच आहे. नुसतं गुणोत्तर स्थिर राहतच नाही. तांबं घ्या. 300 केल्विनला उष्णतावाहकता 401 (वॅट प्रति मीटर-केल्विन) आणि विशिष्ट रोध, म्हणजे विद्युतवाहकतेचा व्यस्त, 1.725×10⁻⁸ ओहम-मीटर. 600 केल्विनला तेच आकडे 379 आणि 3.79×10⁻⁸. म्हणजे उष्णतावाहकता जेमतेम 5 टक्के घसरली, विद्युतवाहकता मात्र निम्म्याहून खाली आली. भागाकार दुप्पट झाला, तापमानही दुप्पटच झालं होतं. आता त्या भागाकाराला तापमानाने भागा: 300 ला 2.31×10⁻⁸, 600 ला 2.39×10⁻⁸. स्थिर आहे तो हा आकडा.

κ/σ = L·T

इथे κ उष्णतावाहकता, σ विद्युतवाहकता, T तापमान; स्थिर तो यातला L. विडेमान आणि फ्रान्झ यांनी 1853 मध्ये एकाच तापमानाला वेगवेगळ्या धातूंचं गुणोत्तर सारखं येतं एवढंच दाखवलं. ते तापमानाच्या प्रमाणात वाढतं हे लोरेंझने 1872 मध्ये मांडलं. तुमच्या पेपर काढणाऱ्यांनी दोघांची खिचडी केली आहे.

आणि ‘रस्ता सारखाच खडबडीत’ हे तुमचं स्पष्टीकरण खरं धरलं, तरी त्यातून हा T कुठून आला ते कळत नाही.

पानसुपारी: काटकोन, शब्दात पकडू नका. T ने भागणं हा हिशेबाचा भाग झाला. मुद्दा एकच: वाहक तेच, म्हणून प्रमाण तेच. ड्रूडने 1900 मध्ये इलेक्ट्रॉनांना वायूच्या कणांसारखं धरून हे सिद्ध केलं आणि आकडाही जवळजवळ बरोबर काढला. त्याला क्वांटम लागलं नाही, तर आपल्याला कशाला?

कल्हईवाली: मध्येच विचारते, माफ करा. गुणोत्तर सगळ्या धातूंचं सारखं असेल तर माझी स्टीलची कढई आणि तांब्याच्या बुडाची कढई सारखीच तापायला हवी ना? स्टीलमध्ये मधोमध रस्सा करपतो आणि कडेला थंड असतो. मग नियम खरा कसा?

काटकोन: कल्हईवाली, भागाकार सारखा असला म्हणून भाज्य सारखं असत नाही. तांबं दोन्ही बाबतींत मोठं आहे आणि स्टील दोन्ही बाबतींत लहान. 304 जातीच्या स्टीलची उष्णतावाहकता 15 च्या आसपास, तांब्याच्या पंचविसावा हिस्सासुद्धा नाही. तुमचा रस्सा नियमाप्रमाणेच करपतो आहे.

पानसुपारी, T हा हिशेबाचा भाग नाही, सगळं भौतिकशास्त्र त्यातच आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन विजेचा ठरलेला भार घेऊन जातो, तो e. तापमान कितीही असो, त्यात काडीचा फरक नाही. उष्णता मात्र प्रत्येकी साधारण kT एवढी जाते, k हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे ओझंच तापमानासोबत वाढतं. पुढे ढकलणारी गोष्ट बघा. विजेत विद्युतक्षेत्र e च्या पटीत ढकलतं. उष्णतेत तापमानाचा उतार k च्या पटीत ढकलतो. भागाकार केला की अडथळ्यांचा वेळ दोन्हीकडून कटतो आणि (k/e)²·T उरतं. k/e म्हणजे केल्विनमागे 86 मायक्रोव्होल्ट. त्याचा वर्ग साधारण 7.4×10⁻⁹. त्याला π²/3, म्हणजे 3.29 ने गुणलं की 2.44×10⁻⁸. धातूचं नाव कुठेच आलं नाही, इलेक्ट्रॉनांची संख्या नाही, अणूचं वजन नाही. म्हणून तर चांदी आणि शिसं एका रांगेत बसतात.

आता ड्रूड. त्याचा आकडा जुळला तो नशिबाने. त्याने प्रत्येक इलेक्ट्रॉनची उष्णताधारिता 3k/2 धरली. खरं तर तांब्यात इलेक्ट्रॉन सुमारे 7 इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत रचलेले असतात आणि खोलीच्या तापमानाला kT फक्त 0.025. त्यामुळे सगळ्यात वरचा पातळ थर सोडला तर बाकीचे हलूच शकत नाहीत. धारिता त्याने शंभरेक पट जास्त धरली. दुसरीकडे वेग धरला सेकंदाला लाखभर मीटर, आणि वरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांचा खरा वेग आहे जवळपास 16 लाख. म्हणजे वेगाचा वर्ग शंभराहून जास्त पटीने कमी धरला. एक चूक दुसरीने खाल्ली. त्यातही गणितात एका ठिकाणी दोनचा गुणक चुकला, तोही सोयीचा, नाहीतर उत्तर निम्मं आलं असतं. 1927-28 मध्ये झोमरफेल्डने क्वांटम सांख्यिकी वापरली तेव्हा कुठे π²/3 आला.

पानसुपारी: उत्तर बरोबर आलं ना शेवटी? अभियंत्याला तेवढं पुरतं. वाहक तेच आहेत, या माझ्या वाक्याला तुम्ही अजून धक्का लावलेला नाही.

हेलियम_गळती: मी लावतो. कमी तापमानावर काम करतो, तिथे हा ‘नियम’ रोज वाकतो. काटकोनच्याच तांब्याला खाली आणा. 200 केल्विनला L येतो 2.16×10⁻⁸. 100 केल्विनला उष्णतावाहकता 482 आणि विशिष्ट रोध 0.348×10⁻⁸, गुणून तापमानाने भागा: 1.68×10⁻⁸. अपेक्षेपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी. शुद्ध तांबं असेल तर आणखी खाली गेल्यावर तो आणखी पडतो. वाहक तर तेच आहेत! मग बिघडलं काय?

बिघडते ती टक्कर. वीज थांबवायची तर इलेक्ट्रॉनची दिशा बदलावी लागते. उष्णतेचा प्रवाह मोडायला दिशा बदलायची गरज नाही. गरम इलेक्ट्रॉनने सरळ जाता जाता आपली kT एवढी ऊर्जा धातूतल्या अणूंच्या जाळीच्या कंपनाला दिली तरी पुरे. थंड धातूत कंपनं लहान संवेगाची असतात, इलेक्ट्रॉनला किंचितच कलतं करतात, पण ऊर्जा मात्र काढून घेतात. उष्णतेचं नुकसान होतं, विजेचं फारसं नाही. वर तिसरं_सत्र म्हणाले की रस्ता दोन्हींसाठी सारखाच खडबडीत. इथे तो सारखा नसतो. खोलीच्या तापमानाला आणि वर मात्र तांब्यातल्या कंपनांची ऊर्जा kT च्या मानाने लहान ठरते आणि तीच टक्कर इलेक्ट्रॉनला चांगली वळवते. तिथे दोन्ही अडथळे एक होतात.

गंमत पुढे आहे. आणखी खाली, 4 केल्विनला, कंपनं जवळपास गोठतात आणि उरतात फक्त भेसळीचे अणू. त्यांना आपटून इलेक्ट्रॉन वळतो, ऊर्जा देत नाही. L पुन्हा 2.44 वर येतो. आम्ही तर त्याच्यावरच विसंबतो. तांब्याच्या पट्टीचा रोध शून्य सेल्सिअसला मोजायचा आणि द्रव हेलियममध्ये मोजायचा. समजा शंभरपट घटला, म्हणजे विशिष्ट रोध साधारण 1.54×10⁻¹⁰. मग 2.44×10⁻⁸ गुणिले 4 भागिले तो रोध, उत्तर 634. छापील तक्त्यांतही अशा तांब्याचा आकडा सहाशेच्या घरातच असतो. 4 केल्विनला उष्णता मोजणं म्हणजे आठवडा घालवणं. रोध चार तारा जोडून तासाभरात मोजता येतो.

ओतकाम: हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्या चाकणच्या शॉपमध्येही हेच चालतं, फक्त हेलियमशिवाय. अॅल्युमिनियमच्या डाय-कास्टिंग भागांवर एडी करंटचं मीटर टेकवायचं, तांब्याच्या मानाने किती टक्के ते वाचायचं, आणि गिऱ्हाइकाला उष्णतावाहकता सांगायची. मीटर 24 टक्के दाखवतं. तांब्याचा शंभर टक्क्यांचा मानक आकडा 58 दशलक्ष सीमेन्स प्रति मीटर, म्हणजे आमचं 13.9. गुणिले 2.44×10⁻⁸, गुणिले 298: आलं 101. आमच्या मिश्रधातूच्या माहितीपत्रकात 96 छापलंय. चालतं. पण हाच उद्योग एकदा स्टीलच्या भागावर केला तर उत्तर 10 आलं आणि पुस्तकात 15. मीटर बिघडलंय असा सगळ्यांचा समज झाला.

काटकोन: मीटर ठीक आहे. स्टीलमध्ये मिश्रणामुळे इलेक्ट्रॉन इतके अडखळतात की जाळीची कंपनं स्वतः वाहून नेतात ती उष्णता नजरेत भरते. तुमच्या 15 मधले 10 इलेक्ट्रॉनांचे, उरलेले 5 बहुतेक जाळीचे. तांब्यात जाळी असतेच, पण 401 मध्ये तिचा वाटा कोणाच्या लक्षात येत नाही. पानसुपारी, हा घ्या दुसरा धक्का: वाहक ‘तेच’ आहेत हे वाक्य चांगल्या धातूपुरतंच. हिऱ्यात तर वीज जवळपास नाहीच, आणि उष्णता तांब्याच्या कितीतरी पट.

पानसुपारी: हिरा धातू नाही, तो कशाला मध्ये आणता? स्टीलचं मान्य, पण जाळीचा वाटा वजा केला की इलेक्ट्रॉनांचा हिशेब जुळतोच. म्हणजे नियम उभाच आहे.

हेलियम_गळती: प्रत्येक वेळी वजा करून जुळवायचं असेल तर तो नियम राहत नाही, मोजमापाची कसोटी होते. माझ्या लेखी खरी अट ‘वाहक तेच’ ही नाहीच, ‘टक्कर ऊर्जा न खाता व्हावी’ ही आहे. आणि त्याच्याही पलीकडची उदाहरणं आहेत. व्हॅनेडियम डायऑक्साइड 340 केल्विनच्या आसपास धातू होतो. तिथे 2017 मध्ये मोजलं तेव्हा इलेक्ट्रॉनांची उष्णता नियमाच्या अपेक्षेच्या दहाव्या हिश्शाएवढी निघाली. जाळी वजा करून झाल्यावर!

पानसुपारी: जाळी वजा कशी केली तेच तर विचारतोय. कंपनांचा वाटा थेट कोणी मोजत नाही, न्यूट्रॉन आणि क्ष-किरणांचे प्रयोग आणि गणित जुळवून काढतात. त्यात थोडी चूक असेल तर तुमचा दहावा हिस्सा कुठच्या कुठे जाईल.

हेलियम_गळती: थोडी चूक चालणार नाही, जवळपास सगळी उष्णता जाळीच्या नावावर चुकून टाकली गेली असं म्हणावं लागेल. तुम्ही तसं म्हणताय का?

तिसरं_सत्र: तुमचं होऊ द्या. मला एवढंच सांगा, पुन्हा असा प्रश्न आला तर ‘गुणोत्तर स्थिर नाही’ असं लिहिलं तर गुण मिळतील का?

काटकोन: T लिहा, 2.44×10⁻⁸ लिहा, आणि तांब्याचे 300 आणि 600 चे दोन आकडे मांडा. आकड्यांवर काट मारायला तपासणाऱ्याचा हात धजत नाही.

ओतकाम: आणि स्टीलसाठी मी गिऱ्हाइकाला 10 सांगू की 15?

काटकोन: 15. मीटर तिथे वापरूच नका.