कात्रणाच्या फोटोवरून सहा ककार कसे काढावेत?

कोथरूडकर७: सोसायटीच्या ग्रुपवर पेपरातल्या बातम्यांचे फोटो येतात. ज्येष्ठांना ते वाचवत नाहीत, म्हणून कोण, काय, कधी, कुठे, का, कसे अशा सहा ओळी करून टाकायच्या आहेत. नमुन्याचा मजकूर देते:

"पुणे, ता. १० : पर्वती जलकेंद्रातील विद्युत दुरुस्तीमुळे शहराच्या काही भागांचा पाणीपुरवठा गुरुवारी बंद राहणार आहे. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल, अशी माहिती मुख्य अभियंत्यांनी दिली."

रविवारपेठ: सोपं आहे. पहिला परिच्छेद घ्या, सहाही उत्तरं तिथंच असतात.

जुनाउपसंपादक: सहाही नसतात. काय, कधी, कुठे बहुधा इंट्रोत मिळतात. 'कसे' मात्र बातमीच्या शेपटाला जातं आणि फोटोत नेमकं तेच कापलेलं असतं. इथंही पंप किती वेळ बंद ठेवणार, हे आलेलं नाही. तिथे 'फोटोत नाही' असंच लिहा, अंदाजाने भरू नका.

'कोण'मध्ये हमखास चूक होते. "अशी माहिती दिली" वाचून लोक अभियंत्यांचं नाव लिहितात. ते सांगणारे झाले. पाणी बंद ठेवणार महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग, तो 'कोण'.

'कधी'ला नुसतं 'गुरुवारी' लिहू नका. फोटो चार दिवस फिरला की वाचणारा पुढचा गुरुवार धरतो. ता. १० ही बातमी दिल्याची तारीख, अंक बहुधा ११ चा. कॅलेंडरवर १० ला मंगळवार असेल तर "गुरुवार, १२" लिहा. महिना कात्रणात नसतो, तो पानाच्या माथ्यावर असतो. म्हणून एक फोटो माथ्यासकट अख्ख्या पानाचा आणि एक जवळून बातमीचा मागवा.

मोबाइलवेडा: फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाटत नाही.

कोथरूडकर७: ते करतेच, पण माझा प्रश्न सारांशाचा आहे. गूगल लेन्सने मजकूर उचलला तर वाक्यं एकमेकांत घुसतात.

जुनाउपसंपादक: दोन कॉलम आडवे सलग वाचले गेले की असं होतं. एकेक कॉलम क्रॉप करून उचला. मग आकडे मूळ फोटोशी ताडून पाहा; अंधुक छपाईत १ आणि ९ यांची गल्लत होते आणि तारीखच बदलते.

रविवारपेठ: मग 'कुठे'ला पर्वती जलकेंद्र लिहायचं ना?

जुनाउपसंपादक: मी तिथे बंद राहणारे भाग लिहीन. जलकेंद्रातली दुरुस्ती 'का'त जाते.

सिंहगडरोड: मला पटत नाही. काम कुठे आणि फटका कुठे, दोन्ही हवं. भागांची यादी सहसा चौकटीत असते, तिचा फोटो कुणी काढतच नाही.

कोथरूडकर७: या फोटोतही चौकट नाही. आधी तीच मागवते.