सोफ्याची मधली सीट खचली आहे, पट्टे बदलताना मदत हवी आहे

तीन सीटच्या सोफ्याची मधली बैठक खोल गेली आहे. गादी काढून जमिनीवर ठेवली आणि बसून पाहिलं, तर ती नीट उचलून धरते. म्हणजे फोम ठीक आहे, दोष खालीच. सोफा उलटा करून काळं कापड सोडवलं, तर दोन इंची इलॅस्टिक पट्टे ढिले पडलेत आणि पुढच्या बाजूचे तीन स्टेपलसकट उपटलेत. मुंबईच्या पावसाळी दमटपणाने तिथली लाकडी पट्टी पोकळ झालीय, नख रुततं. त्यामुळे नुसते नवे पट्टे ठोकले तर पुन्हा निघणार, हे उघड आहे.

बेत असा: आतून सागाची पट्टी फेविकॉल आणि स्क्रूने बसवायची. पुढून मागे अंतर ५५ सेंमी आहे, म्हणून ५० सेंमीवर खूण करून पट्टा ती खूण ५५ सेंमीपर्यंत येईल एवढा ताणायचा, टोक दुमडून पाच स्टेपल.

दोन प्रश्न: हा १० टक्के ताण बसायला पुरेल का? आणि आडवे पट्टे विणून घ्यावेत, की बैठक फार कडक होईल? सुतळी निवार नको, ती लवचत नाही.